रजेचा मेल: टू मध्ये साहेब की एचआर, आणि सीसी कोणाला?

लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी चौदा वर्षं काढली, आधी टाइम ऑफिसला आणि मग एचआरला, रोज चिपळूणहून परशुराम घाट चढून जायचं. इतक्या वर्षांत रजा नाकारल्यामुळे झालेली भांडणं मी फार कमी पाहिली. रजा मिळाली असं माणसाला वाटलं आणि पगाराच्या दिवशी स्लिपवर गैरहजर दिसली, अशी भांडणं मात्र दर दोन-तीन महिन्यांनी यायची. मूळ शोधायला मेल उघडला की बहुतेक वेळा तेच, टू मध्ये साहेब आणि एचआर दोघंही, वर "सर आणि मॅडम", खाली "कृपया रजा मंजूर करावी". साहेबांना वाटलं एचआर बघतील, आम्हाला वाटलं साहेबांचा ओके आला की नोंद करू, आणि तो ओके कधी आलाच नाही. दोघांच्या नावाने गेलेला मेल दोघांपैकी कोणीच हातात घेत नाही, हे मी स्वतः त्या खुर्चीत बसून केलंय म्हणून सांगते.

साधी रजा असेल, शिल्लक खात्यात असेल, तर यात काही अवघड नाही. गणपतीची रजा घ्या. आमच्याकडे प्लांटमधली जवळजवळ सगळी माणसं त्याच आठवड्यात मागतात, आणि कोणी पहिले पाच दिवस जायचं, कोणी गौरी-विसर्जनानंतर, हे फक्त खात्याचा साहेब ठरवू शकतो कारण शिफ्ट चालवायची जबाबदारी त्याची. तिथे टू मध्ये साहेब, बस. एचआरला सिस्टिममधून आपोआप कळतं. सिस्टिम नसली आणि कागदी फॉर्म असला तर तो साहेबांच्या सहीनंतर टाइम ऑफिसला जातोच.

खरा घोळ होतो तो एका रजेत दोन निर्णय असतात तेव्हा. तारखा साहेबांच्या हातात, आणि ती रजा कुठल्या खात्यातून जाणार, पगार कापला जाणार का, कागद काय लागणार हे एचआरच्या हातात. शिल्लक कमी पडतेय, ऑपरेशन आहे, बिनपगारी घ्यावी लागतेय, असं काही असलं की तुम्ही या प्रकारात आलात. इथे मी सगळ्यांना एकच कसोटी सांगायचे. मेल लिहायच्या आधी विचारा की या मेलला "हो" किंवा "नाही" कोण म्हणणार आहे. तो टू मध्ये. ज्याला फक्त कळायला हवं, ज्याने उत्तर नाही दिलं तरी तुमचं काही अडत नाही, तो सीसीत. आणि दोघांकडून दोन वेगळे "हो" हवे असतील तर एका मेलमध्ये ते मागायचेच नाहीत, एकामागून एक मागायचे.

हे नीट कळावं म्हणून एक केस पूर्ण सांगते.

आमच्या क्यूसी लॅबमधला एक केमिस्ट, घर गुहागर तालुक्यात. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोल्हापूरला ठरलं, ७ जुलैला. जुलै म्हणजे लावणीचे दिवस, वडील शेत सोडून येऊ शकत नव्हते, म्हणजे हॉस्पिटलला आणि नंतर घरी यालाच राहायचं होतं. त्याला सोमवार ६ जुलै ते बुधवार २२ जुलै रजा हवी होती. रविवार सोडले तर कामाचे दिवस भरतात १५. पहिल्या आठवड्यात ६, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ३. आणि त्याच्या खात्यात पीएल शिल्लक होत्या ९. म्हणजे ६ दिवसांचा प्रश्न उघडा.

त्याने काय केलं, तर एकच लांब मेल लिहिला, टू मध्ये साहेब आणि एचआरचा आयडी, सीसीत प्लांट हेड, आणि जोडले सगळे कागद. हॉस्पिटलचं पत्र, खर्चाचं एस्टिमेट, आईचे रक्ताचे रिपोर्ट, सगळं. साहेबांनी चांगल्या मनानेच तो मेल शिफ्ट इन्चार्जला फॉरवर्ड केला, बदली माणूस बघा म्हणून. फॉरवर्ड केला की जोडलेल्या फायली सोबत जातात, रिप्लाय केला तर जात नाहीत, हा फरक फार लोकांना माहीत नसतो. दुपारी कॅन्टीनला त्याला चार जणांनी विचारलं की आईची शुगर एवढी कशी काय वाढली. पोरगा रडवेला होऊन माझ्या टेबलाशी आला. आणि इतकं करून रजेचं उत्तर कोणाकडूनच आलेलं नव्हतं. प्लांट हेडचं नाव सीसीत बघून साहेब उलट दुखावले होते, मला विचारायच्या आधीच वर का कळवलं म्हणून.

मग आम्ही दोघांनी बसून ते परत केलं, ते असं.

पहिलं म्हणजे मेलच्या आधी तोंडी बोलणं. साहेबांना मेलमधून पहिल्यांदा कळता कामा नये, त्यातही एचआरला सीसी असलेल्या मेलमधून तर नाहीच. आमच्या भागात माणसं बोलून कामं करतात, आणि न बोलता आलेला एचआर-सीसीवाला मेल साहेबांना तक्रारीसारखा वाटतो. दोन मिनिटं पुरतात, "सर, आईचं ऑपरेशन आहे, सहा ते बावीस लागतील, चालेल का". साहेब म्हणाले वीस तारखेला ऑडिट आहे, तर तिथेच कळतं, मेलवर तीन दिवस घालवायला नकोत.

दुसरं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहिला मेल. टू मध्ये एकटे साहेब. सीसीत एचआरचा कॉमन आयडी. मेल इंग्रजीत गेला होता पण मजकूर हा असा:

विषय: रजा, ६ जुलै ते २२ जुलै, क्यूसी लॅब

"सर, काल बोललो त्याप्रमाणे आईच्या ऑपरेशनसाठी सोमवार ६ जुलै ते बुधवार २२ जुलै रजा हवी आहे. कामाचे दिवस १५. गुरुवार २३ जुलैला फर्स्ट शिफ्टला हजर होईन. माझ्या ९ पीएल शिल्लक आहेत, बाकीच्या ६ दिवसांचं एचआरला वेगळं विचारतो. या तारखांना तुमची मंजुरी कळवा."

बघा, नमस्कार फक्त "सर". सीसीत एचआर मॅडम आहेत म्हणून त्यांना वर हाक मारायची गरज नाही. ज्याला हाक मारली त्याच्याकडून उत्तर अपेक्षित आहे असा सरळ अर्थ लोक घेतात, म्हणून टू मधलं नाव आणि वरची हाक एकच ठेवायची. आणि शेवटच्या वाक्यात नेमकं काय हवंय ते, "तारखांना मंजुरी". नुसतं "कृपया विचार व्हावा" लिहिलं की साहेब खरंच नुसता विचार करतात. कागद एकही जोडला नाही. आजार काय, कुठला डॉक्टर, काही नाही, "आईचं ऑपरेशन" एवढंच, कारण साहेबांना माणूस किती दिवस नाही हे ठरवायचंय, आईला काय झालंय ते ठरवायचं नाहीये.

एचआरला सीसीत ठेवायचं की नाही ठेवायचं यावर लोक वाद घालतात. मी ठेवते, आणि कारण साधंय, बिनपगारीचा प्रश्न उद्या आमच्याकडे येणारच आहे तर तारीख आम्हाला त्या दिवशीच दिसते आणि महिन्याच्या हजेरीत आम्ही ती खूण करून ठेवतो. पण सीसीतल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं हेही तितकंच खरं. मी सीसीत असताना साहेबांच्या आधी उत्तर दिलं की गडबड व्हायची, माणसाला वाटायचं मंजूर झालं.

साहेबांचा "ओके" दुसऱ्या दिवशी आला. आता तिसरं, आणि हे सगळ्यात जास्त लोक चुकवतात. त्याच मेलवर रिप्लाय ऑल करायचं पण जागा बदलायच्या, आता टू मध्ये एचआर आणि सीसीत साहेब. रिप्लाय ऑल दाबलं की मेल प्रोग्राम साहेबांना टू मध्ये आणि एचआरला सीसीतच ठेवतो, आपोआप काही बदलत नाही. त्यामुळे साहेबांचा आयडी टू मधून काढून सीसीत टाकायचा आणि एचआरचा सीसीतून काढून वर टाकायचा, मोबाईलवर असाल तर त्या ओळीशेजारचा बाण दाबून ओळी आधी उघडाव्या लागतात. त्याच मेलवर का, तर साहेबांचा ओके खाली दिसतो, वेगळा पुरावा जोडावा लागत नाही. मजकूर असा:

"मॅडम, सरांनी तारखा मंजूर केल्या आहेत, खाली आहे. ६ ते १५ जुलै मधले ९ कामाचे दिवस पीएलमध्ये धरा. १६ ते २२ मधले ६ दिवस ॲडव्हान्स पीएलमध्ये मिळतील का? नसतील तर बिनपगारी धरा. बिनपगारी असल्यास रविवार १९ जुलैचा पगार कापला जाणार का तेही कळवा. हॉस्पिटलचे कागद तुम्हाला वेगळे पाठवतोय."

तो रविवारचा प्रश्न मी मुद्दाम घालायला लावला. १८ तारखेचा शनिवार बिनपगारी, २० चा सोमवार बिनपगारी, मधला रविवार काही कंपन्यांत बिनपगारी धरतात, त्याला सँडविच म्हणतात, काहींत नाही धरत. हे कंपनीच्या रजेच्या नियमात लिहिलेलं असतं आणि साहेबांना बहुतेक वेळा माहीत नसतं. म्हणजे तो सहा दिवस समजून बसणार आणि कापले जाणार सात. हा प्रश्न साहेबांना टू मध्ये ठेवून विचारला असता तर त्यांनी अंदाजाने काहीतरी सांगितलं असतं, आणि पुढे तो अंदाज "सरांनी सांगितलं होतं" म्हणून माझ्यापर्यंत आला असता. पैशाचं उत्तर पैशाची नोंद करणाऱ्याकडूनच घ्यायचं. तसंच आमच्याकडे हजेरी २० तारखेला बंद व्हायची, म्हणून त्याचे २१ आणि २२ चे दोन दिवस जुलैच्या नाही तर ऑगस्टच्या पगारात कापले गेले. आधी विचारून ठेवलेलं म्हणून तो ऑगस्टला दचकला नाही.

साहेब इथे सीसीत का, तर एचआरने काही कमी-जास्त केलं, समजा ॲडव्हान्स तीनच दिवस मिळेल म्हटलं आणि त्याने रजाच कमी करायची ठरवली, तर तारखा बदलणार आणि तारखा साहेबांच्या आहेत.

चौथं, कागदांचा मेल. हा पूर्ण नवीन मेल, त्या जुन्या साखळीत नाही. टू मध्ये एचआरची एक व्यक्ती, तिच्या स्वतःच्या ऑफिस आयडीवर, सीसीत कोणी नाही. कॉमन आयडी चार-पाच जण उघडतात, त्यात ट्रेनी पण असतात. पहिल्या दोन मेलांना तो कॉमन आयडीच बरा, कारण माणूस रजेवर गेला किंवा नोकरी सोडून गेला तरी नोंद राहते, पण रिपोर्ट तिकडे टाकायचे नाहीत. आणि कागद मागितले तेवढेच. आमच्याकडे आईवडिलांच्या आजारपणाला हॉस्पिटलचं ॲडमिशनचं पत्र पुरायचं, रक्ताचे रिपोर्ट मी कधीच मागितले नाहीत, लोक आपणहून पाठवायचे. सिस्टिममध्ये रजा टाकताना कारणाचा रकाना असतो तो साहेबांना दिसतो हेही लक्षात ठेवा, तिथे "घरातील वैद्यकीय कारण" एवढं बस.

आता सीसीत आणखी कोण. तुमचं काम जो सांभाळणार त्याला पहिल्या मेलच्या सीसीत टाकायला हरकत नाही, पण तो तयार आहे हे आधी विचारून, आणि त्यामुळेच त्या मेलमध्ये खासगी काही नको. साहेबांच्या वरच्या साहेबाला पहिल्या मेलमध्ये टाकू नका. उत्तर येत नसेल तर आधी त्याच मेलवर एक आठवण, "सर, ६ तारखेच्या रजेबद्दल कळवा, मला तिकीट काढायचंय", मग फोन, आणि दोन-तीन कामाचे दिवस जाऊनही काही नाही तर त्याच साखळीत एचआरला टू मध्ये आणून विचारायचं की मंजुरीसाठी आता कोणाला लिहू. हे वाक्य मला फार आवडतं कारण त्यात साहेबांवर आरोप नाही, रस्ता विचारलाय. बीसीसीत एचआरला लपवून ठेवायची युक्ती काही जण सांगतात, मी नाही सांगणार. एचआरमधल्या कोणी चुकून रिप्लाय ऑल केलं की साहेबांना कळतं तुम्ही मागून दाखवत होतात, आणि ती गाठ मग वर्षभर सुटत नाही.

साहेब स्वतः रजेवर असतील तर टू मध्ये त्यांनी ज्याला चार्ज दिलाय तो, सीसीत साहेब आणि एचआर. चार्ज कोणाकडे आहे ते त्यांच्या ऑटो रिप्लायमध्ये असतं, नसेल तर एचआरला फोन करून विचारा. फक्त साहेबांनाच पाठवून ठेवलं तर ते परत येईपर्यंत मेल पडून राहतो.

काही रजांना हा क्रम उलटा होतो, आणि ते ओळखता यायला हवं.

बाळंतपणाची रजा. इथे साहेबांच्या मंजुरीचा प्रश्नच येत नाही, तो कायद्याचा हक्क आहे. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यातले बाळंतपणाच्या आधी जास्तीत जास्त ८, आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असायला हवं. २०१७ आधी हे १२ आठवडेच होते, आणि अजूनही काही जुने साहेब तेच धरून बसलेत. नोटीस कंपनीला द्यायची असते, म्हणून टू मध्ये एचआर, सीसीत साहेब, आणि भाषा "मंजूर करा" अशी नाही तर "या तारखेपासून रजेवर जात आहे, कृपया नोंद घ्या" अशी. लॅबमधल्या एका मुलीने हा मेल साहेबांना टू मध्ये टाकून मंजुरी मागितली होती, साहेबांनी लिहिलं "तीन महिने चालतील", आणि तिने ते खरं मानून सासरी सांगूनही टाकलं. मी बघितलं म्हणून निस्तरलं. तोंडी सांगायचं मात्र आधी साहेबांनाच, तेवढं आपलेपण राहू द्यावं, आणि सोनोग्राफी वगैरे कागद फक्त एचआरला.

दुसरी उलटी परिस्थिती म्हणजे रजेचं कारणच साहेब असतील. तिथे साहेब टू मध्ये नाहीत आणि सीसीत पण नाहीत. लैंगिक छळाची तक्रार दिलेली असेल तर चौकशी चालू असताना ती बाई अंतर्गत समितीकडे लेखी रजा मागू शकते, समिती तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते आणि ती नेहमीच्या रजेतून कापली जात नाही, २०१३ च्या कायद्यातच तसं आहे. अशा अर्जाला टू मध्ये समितीच्या अध्यक्ष, आणि सीसी रिकामं. साहेबांना फक्त "अमुक तारखेपासून रजेवर" एवढं एचआर कळवेल, ते तुमचं काम नाही.

आणि तिसरी, मेल करता आलाच नाही तेव्हा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं, लाईट गेली, फोन बंद, माझे स्वतःचे कितीतरी दिवस कोणाला काही कळवता आलं नाही. हजेरीत सगळे गैरहजर लागले होते. अशा वेळी आधी मिळेल त्या फोनवरून साहेबांना एक मेसेज, "घरात पाणी आहे, सुखरूप आहे, येऊ शकत नाही", तेवढं. मग रेंज आल्यावर मेल, टू मध्ये साहेब, सीसीत एचआर, "२२ तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पुरामुळे येऊ शकलो नाही, हे तुम्ही खात्री करून कळवावं म्हणजे एचआर गैरहजेरी रजेत बदलू शकेल". इथे साहेब टू मध्ये यासाठी की एचआर गैरहजर खोडू शकतं, पण माणूस का आला नाही याची साक्ष साहेबच देऊ शकतात. साहेबांचं उत्तर आलं की मग परत जागा बदला आणि एचआरला टू मध्ये आणून कुठली रजा धरणार ते विचारा, वरच्या केससारखंच.

आमचा तो केमिस्ट २३ जुलैला फर्स्ट शिफ्टला आला. आल्या दिवशी त्याने त्याच जुन्या साखळीत शेवटचा मेल टाकला, टू मध्ये साहेब, सीसीत एचआर, "आज हजर झालो, १५ दिवसांची रजा संपली". हा मेल कोणी टाकत नाही आणि तिथेच चूक राहते, कारण सिस्टिममध्ये रजा २४ पर्यंत टाकलेली असेल तर एचआरला कळायला दुसरा मार्ग नसतो. स्वतःच्या आजारपणाची रजा असती तर फिटनेस सर्टिफिकेट त्या दिवशी परत वेगळ्या मेलने एकट्या एचआरला द्यावं लागलं असतं. मग ३१ तारखेला त्याने स्लिप उघडून पीएल ९ वजा झाल्यात का आणि जुलैत बिनपगारी किती लागल्या ते मोजलं, रविवार धरलेला नव्हता, १६, १७, १८ आणि २० असे चारच दिवस कापलेले होते.